लोक आपल्याच बाजूच्या बातम्या का पाहतात? ‘मनाला त्रास होतो म्हणून’ हे उत्तर पुरेसं नाही

एखादा माणूस वर्षानुवर्षं एकाच पक्षाची तळी उचलणारं चॅनेल पाहतो, हे दिसलं की त्याचं कारण सांगायला आपल्याला क्षणभरही लागत नाही. त्याला दुसरी बाजू ऐकायचीच नाही, ऐकली तर त्याच्या मनाला त्रास होईल, म्हणून तो कान बंद करून बसलाय, असं आपण म्हणतो. मानसशास्त्राची थोडीफार ओळख असलेले त्याला ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ म्हणतात. मराठीत बोधात्मक विसंवाद. नाव दिलं की स्पष्टीकरण झालं असं वाटतं आणि विषय तिथेच संपतो.

माझं म्हणणं असं की हा विषय तिथे संपायला नको होता. आपल्या बाजूच्या बातम्यांकडे लोकांचा कल असतो, हे खरं आहे. पण त्या कलाचं कारण विसंवादच आहे, हे आपण पुराव्याआधीच मान्य करून टाकलं. ज्या प्रयोगांचा दाखला दिला जातो, त्यातल्या बहुतेकांत लोकांनी काय निवडलं एवढंच दिसतं. का निवडलं, ते दिसत नाही. त्या ‘का’साठी आणखी एक स्पष्टीकरण तितकंच सहज बसतं आणि त्यात मनाच्या त्रासाचा काही संबंध नाही. लोकांना दुसऱ्या बाजूचं चॅनेल खोटारडं वाटतं, एवढंच ते स्पष्टीकरण.

लिऑन फेस्टिंजरने विसंवादाचा सिद्धांत १९५७ साली मांडला. माणसाच्या दोन समजुती, किंवा एक समजूत आणि एक कृती, एकमेकींशी जुळत नसतील तर त्याला भूक-तहानेसारखी एक अस्वस्थता जाणवते आणि ती कमी करण्यासाठी तो काहीतरी करतो. मत बदलतो, कृती बदलतो, नाहीतर स्वतःच्या बाजूने आणखी कारणं गोळा करतो. बातम्यांच्या बाबतीत यातून दोन अंदाज निघतात. माणूस आपल्या मताला दुजोरा देणारी माहिती शोधेल, आणि विरुद्ध माहिती टाळेल. हे दोन अंदाज वेगळे आहेत हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा बराचसा घोळ त्यांना एकच समजल्यामुळे झालाय. गोड आवडणं वेगळं आणि कडू पाहिलं की पळ काढणं वेगळं. सिद्धांताचा जीव दुसऱ्या अंदाजात आहे. दुजोरा कुणालाही आवडतो, त्यासाठी अस्वस्थतेचा सिद्धांत लागत नाही.

ज्या निरीक्षणाला या सिद्धांताने कारण पुरवलं, ते निरीक्षण त्याच्याही आधीचं. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत मतदारांचा महिनोन्‌महिने पाठपुरावा केला. रिपब्लिकन लोकांच्या कानावर मुख्यतः रिपब्लिकन प्रचार पडत होता आणि डेमोक्रॅट लोकांच्या कानावर डेमोक्रॅट प्रचार. फेस्टिंजर आला आणि या चित्राला कारण मिळालं. त्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्याला आधार म्हणून एक छान अभ्यासही आला. नुकतीच मोटार घेतलेले लोक कोणत्या मोटारींच्या जाहिराती वाचतात, हे संशोधकांनी तपासलं. पैसे मोजून झालेत, निर्णय फिरवता येत नाही, अशा वेळी आपल्याच गाडीची जाहिरात वाचून माणूस मनाची समजूत घालेल, असा अंदाज होता. तो खरा ठरला. नव्या गाडीचे मालक आपल्या गाडीची जाहिरात जास्त वाचत होते.

पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही होती. ज्या गाड्या घ्यायचा विचार करून शेवटी सोडून दिल्या, त्यांच्या जाहिराती सगळ्यांत जास्त टोचायला हव्या होत्या आणि म्हणून टाळल्या जायला हव्या होत्या. तसं झालं नाही. लोक त्याही वाचत होते, कधी विचारातही न घेतलेल्या गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा जास्त. म्हणजे पहिला अंदाज पास, दुसरा नापास. पाठ्यपुस्तकांत बहुधा पहिलाच निकाल येतो.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर डेव्हिड सिअर्स आणि जोनाथन फ्रीडमन यांनी तोवरचे सगळे प्रयोग समोर मांडून हिशेब केला. निष्कर्ष खेदजनक होता, निदान सिद्धांतासाठी. काही प्रयोगांत लोक दुजोरा निवडत होते, काहींत विरोध निवडत होते, काहींत काहीच कल नव्हता. मग ईरी काउंटीतलं चित्र कुठून आलं? त्यांचं उत्तर साधं होतं. माणसाभोवती जी माहिती सहज उपलब्ध असते, तीच मुळात त्याच्या मताशी जुळणारी असते, कारण त्याचं शिक्षण, धंदा, शेजारीपाजारी, मित्रमंडळी यांनीच त्याचं मतही घडवलेलं असतं आणि त्याचं वर्तमानपत्रही ठरवलेलं असतं. श्रोतृवर्ग एकतर्फी असतो हे खरं, पण त्यामागे टाळण्याची प्रेरणा असेलच असं नाही. आज ही दोघांची मांडणी वाचली तर वाटतं की प्रकरण तेव्हाच बरंचसं निकाली निघालं होतं. पुढची काही वर्षं हा विषय थंडच पडला.

त्याला पुन्हा जाग आणली केबल टीव्हीने आणि इंटरनेटने. चॅनेलं तीन-चारच होती तेव्हा निवडण्यासारखं फार नव्हतं. १९९६ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारं फॉक्स न्यूज सुरू झालं, पुढे वेबसाइटींचा पूर आला, आणि आता प्रत्येकाला आपल्या मताचं दुकान सापडू लागलं. त्याबरोबर जुना सिद्धांतही फडताळातून बाहेर आला, त्याच्यावर घेतलेले आक्षेप मात्र आतच राहिले.

या नव्या पिढीतल्या प्रयोगांपैकी एक मला फार महत्त्वाचा वाटतो. शांतो अय्यंगार आणि क्यू हान यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग ‘लोक आपल्याच चॅनेलकडे जातात’ याचा भरभक्कम पुरावा म्हणून सतत उद्धृत होतो. तो तसा आहेच. पण बारकाईने पाहिला तर तो विसंवादाच्या विरुद्ध साक्ष देतो.

त्यांनी काय केलं ते पाहू. रोजच्या खऱ्या बातम्यांमधून काही मथळे उचलले. सहभागी माणसाला पडद्यावर हे मथळे दिसत आणि प्रत्येकाशेजारी एका वृत्तसंस्थेचं बोधचिन्ह असे: फॉक्स, सीएनएन, अमेरिकेतला सार्वजनिक रेडिओ एनपीआर किंवा बीबीसी. गंमत अशी की बोधचिन्हं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. तोच मथळा एकाला फॉक्सचा म्हणून दिसे, दुसऱ्याला एनपीआरचा म्हणून. तुलनेसाठी काही लोकांना बोधचिन्हाशिवाय नुसते मथळे दाखवले. मग विचारलं, यातली कोणती बातमी वाचाल? मजकूर तोच, फरक फक्त चिन्हाचा, त्यामुळे निवडीतला फरक चिन्हानेच घडवला असं म्हणता येतं. निकाल स्वच्छ आला. रिपब्लिकन लोक फॉक्सचं चिन्ह असलेल्या बातमीकडे ठळकपणे झुकले. डेमोक्रॅट लोकांनी फॉक्स टाळलं आणि ते सीएनएन व एनपीआर यांच्यात विभागले गेले.

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. पण मथळ्यांमध्ये इराक युद्ध आणि राजकारण यांबरोबर गुन्हेगारीच्या, प्रवासाच्या बातम्याही होत्या. आणि तिथेही हाच कल दिसला. राजकारणापेक्षा सौम्य, पण होता. आता विचार करा. एखाद्या पर्यटनस्थळाबद्दलची बातमी सीएनएनने दिली काय आणि फॉक्सने दिली काय, रिपब्लिकन माणसाच्या कोणत्या समजुतीला धक्का बसणार आहे? त्याच्या पक्षनिष्ठेशी विसंगत असं त्या बातमीत काय आहे? विसंवादाचा सिद्धांत मजकुराच्या टोचणीवर उभा आहे, आणि इथे टोचणारा मजकूरच नाही. तरीही माणूस आपल्या चिन्हाकडे जातो. याचा अर्थ तो मजकुराला घाबरून पळत नाहीये. कुणाचं सांगणं भरवशाचं, हे त्याने आधीच ठरवलंय आणि तो हिशेब सगळीकडे लावतोय. किंवा त्याला सवय आहे. किंवा ते चिन्ह म्हणजे ‘आपली माणसं’ आहे. यातलं कोणतंही कारण असू शकतं, विसंवाद मात्र इथे ओढूनताणूनच आणावा लागतो.

भरवशाच्या या हिशेबाला लोक ‘आंधळा विश्वास’ म्हणतात. पण असा हिशेब डोळस माणसानेही केला तरी निकाल असाच येतो, हे अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू जेन्ट्झकाऊ आणि जेसी शपिरो यांनी २००६ मध्ये गणिताने दाखवलं. त्यांचं पूर्ण प्रारूप गुंतागुंतीचं आहे, पण मुद्दा साध्या आकडेमोडीने समजतो.

समजा, एक नवं चॅनेल आहे आणि ते कसं आहे हे मला ठाऊक नाही. ते चांगलं असेल तर दहापैकी नऊ वेळा खरं सांगतं. ते टाकाऊ असेल तर नाणं उडवून सांगितल्यासारखं, निम्म्या वेळा खरं. दोन्ही शक्यता मला सारख्याच वाटतात, म्हणजे चॅनेलवर माझा विश्वास ५० टक्के. आता एक वादग्रस्त गोष्ट घ्या, जी खरी असल्याची मला ९० टक्के खात्री आहे. चॅनेल म्हणतं, ती खोटी आहे. चांगल्या चॅनेलने असं म्हणण्याची शक्यता, माझ्या नजरेतून, १८ टक्के येते: गोष्ट खरंच खोटी असून चॅनेल बरोबर असण्याचे ९, आणि गोष्ट खरी असून चॅनेल चुकल्याचे ९. टाकाऊ चॅनेलने असं म्हणण्याची शक्यता ५० टक्के. दोन्ही जोखून पाहिलं की चॅनेल चांगलं असल्याची शक्यता ५० वरून घसरून साधारण २६ टक्क्यांवर येते. तेच चॅनेल माझ्या बाजूने बोललं असतं तर ती ६२ टक्क्यांवर गेली असती. एका बातमीने एवढा फरक! आणि यात भीती नाही, अस्वस्थता नाही, अहंकार नाही. गणित करणाऱ्या यंत्रालाही हेच उत्तर मिळेल.

याच उदाहरणात आणखी एक बाजू आहे, ती सहसा सांगितली जात नाही. विरुद्ध बातमी ऐकून माझी मूळ खात्रीही ९० वरून ७९ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे हिशेबी माणूस थोडं मतही बदलतो आणि सांगणाऱ्यावरचा विश्वासही कमी करतो. त्यामुळे नुसतं ‘लोक विरुद्ध बाजूच्या चॅनेलला अविश्वासू म्हणतात’ एवढं दाखवून कुणी त्यांना तर्कहीन ठरवू शकत नाही. त्यासाठी त्यांचा विश्वास हिशेबापेक्षा जास्त घसरतो, किंवा मत हिशेबापेक्षा कमी हलतं, हे दाखवायला हवं. ते दाखवणं फार कठीण आहे, कारण सुरुवातीची ९० टक्के खात्री कुठून आली हे कुणालाच नीट ठाऊक नसतं. ती स्वतःच पक्षप्रेमातून आलेली असू शकते. म्हणून भरवशाचं स्पष्टीकरण म्हणजे प्रेक्षकांना दिलेलं निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. आंधळेपणा असेलच तर तो चॅनेल निवडण्याच्या क्षणी नसून त्याच्या बऱ्याच आधी शिरलेला असू शकतो, एवढंच ते सांगतं.

आता टाळण्याच्या पुराव्याकडे वळू. केली गॅरेट यांनी २००५ मध्ये दोन वैचारिक वेबसाइटींच्या, एक डावी आणि एक उजवी, वाचकांना बातम्या निवडायला दिल्या आणि त्यांनी काय उघडलं, किती वेळ वाचलं याची नोंद ठेवली. बातमी आपल्या मताला दुजोरा देईल असं वाटलं की ती उघडण्याची शक्यता वाढत होती. ती विरोधात असेल असं वाटल्याने उघडण्याची शक्यता घटत होती, पण अगदी किंचित. आणि विरोधातली बातमी एकदा उघडली की वाचक तिच्यावर उलट जास्त वेळ घालवत होते. हे लोक साधेसुधे वाचक नव्हते, मुद्दाम पक्षपाती साइटवर येणारे होते. ज्यांच्यात पळ काढण्याची वृत्ती सगळ्यांत तीव्र असायला हवी, तेच थांबून वाचत होते. खोडून काढायला वाचत असतील, असं कुणी म्हणेल. असतीलही. पण टोचणी टाळणारा माणूस खोडून काढायलाही थांबत नाही.

याच्या उलट दिशेचा सगळ्यांत बोलका प्रयोग जेरेमी फ्रायमर, लिंडा स्कित्का आणि मॅट मॉटिल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. विषय समलिंगी विवाहाचा. आपल्या बाजूची विधानं वाचलीत तर ७ डॉलर जिंकण्याच्या सोडतीत नाव, विरुद्ध बाजूची वाचलीत तर १० डॉलरच्या सोडतीत. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी जास्त रकमेवर पाणी सोडलं, आणि उदारमतवादी व पुराणमतवादी दोघांनीही सारखंच. इथे मात्र ‘खोटारडे आहेत म्हणून’ हे कारण लंगडं पडतं. समोरचे खोटारडे असले म्हणून काय झालं, वाचून पैसे घ्यायला काय हरकत? त्या मजकुराचा काहीतरी उपद्रव वाटत असला पाहिजे. विसंवादवाद्यांच्या हातातलं हे सर्वांत चांगलं पान आहे, हे मान्य करायलाच हवं.

फक्त दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे रक्कम फारच किरकोळ होती आणि तीही हमखास मिळणार नव्हती. तीन डॉलरच्या फरकाच्या सोडतीसाठी कंटाळवाणं वाचन टाळणं याला मोठी मानसिक यातना लागत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. चार्ल्स डोरिसन, ज्युलिया मिन्सन आणि टॉड रॉजर्स यांनी २०१९ मध्ये विचारलं की हा उपद्रव प्रत्यक्षात किती होतो? हिलरी क्लिंटन यांना मत दिलेल्यांना ट्रम्प यांचं शपथविधीचं भाषण पाहायला लावलं. पाहण्याआधी त्यांनी जेवढं वाईट वाटेल असं सांगितलं होतं, तेवढं प्रत्यक्षात वाटलं नाही. म्हणजे लोक ज्या अस्वस्थतेपासून दूर राहतात ती मोठ्या प्रमाणात कल्पनेतली असते. फेस्टिंजरची अस्वस्थता मजकुराशी गाठ पडल्यावर उसळणारी होती. इथे गाठ पडते आणि ती ओसरते. मूळ यंत्रणेतला हा बारीकसा बदल नव्हे.

या सगळ्याच्या खाली एक मोठी भेग आहे. २०२४ मध्ये डेव्हिड व्हेडिस यांच्या पुढाकाराने १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी विसंवादाचा एक पायाभूत प्रयोग पुन्हा केला. सहभागींनी स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायचा. काहींना ‘लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा’ असं सांगितलं, काहींना सरळ लिहायला लावलं. सिद्धांताप्रमाणे आपल्या मर्जीने लिहिणाऱ्यांना जास्त विसंवाद व्हायला हवा आणि त्यांचं मत जास्त हलायला हवं. जवळपास ४,९०० लोकांवर केलेल्या या प्रयोगात मर्जी असण्या-नसण्याने फरक पडला नाही. विरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचं मत तटस्थ निबंध लिहिणाऱ्यांपेक्षा थोडं हललं, हे खरं. पण तेवढं तर स्वतःच लिहिलेले युक्तिवाद पटल्यामुळेही होऊ शकतं. यावरून विसंवाद म्हणून काही नसतंच असं मी म्हणणार नाही, एका प्रयोगरचनेच्या अपयशाने सिद्धांत मरत नाही. मात्र ज्याचा पाया प्रयोगशाळेतच डळमळतो, त्याच्यावर कोट्यवधी प्रेक्षकांच्या रिमोटचं स्पष्टीकरण उभारायचं, हे धाडस आहे.

प्रयोगशाळेबाहेर या स्पष्टीकरणांची गत काय होते, ते पाहायला नोव्हेंबर २०२० सारखा दुसरा प्रसंग नाही. ३ नोव्हेंबरला अमेरिकी अध्यक्षपदासाठी मतदान झालं त्या रात्री साडेअकराच्या सुमाराला फॉक्स न्यूजने ॲरिझोना राज्य बायडन यांच्या खात्यात टाकलं, इतर मोठ्या वाहिन्यांच्या खूप आधी. प्रेक्षक भडकले. पुढच्या आठवड्यांत त्यांच्यातले बरेच जण न्यूजमॅक्स या तोवर किरकोळ असलेल्या चॅनेलकडे गेले. निकाल फिरवला गेला असं तिथे सांगितलं जात होतं. ७ डिसेंबरला जाहिरातदारांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या २५ ते ५४ वयोगटात न्यूजमॅक्सच्या एका कार्यक्रमाने फॉक्सच्या त्याच वेळेच्या कार्यक्रमाला मागे टाकलं. आपल्या यंत्रांनी निकाल फिरवल्याचे खोटे दावे फॉक्सनेही दाखवले, म्हणून पुढे मतदान यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने फॉक्सवर बदनामीचा खटला भरला. त्यात बाहेर आलेल्या संदेशांमधून दिसलं की प्रेक्षक हातचे जातील या धास्तीने वाहिनीतली माणसं काय काय बोलत होती. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

विसंवादाचं याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? ‘आपण जिंकलो’ ही समजूत, ‘आपण हरलो’ ही बातमी, आणि बातमी सोडून पळालेला प्रेक्षक. पण जरा थांबा. वरचं गणित इथेही तंतोतंत बसतं. ज्याला ९० टक्के खात्री होती की ट्रम्प जिंकणार, त्याच्या लेखी फॉक्सने एका रात्रीत स्वतःची पत घालवली. शिवाय खुद्द ट्रम्प जाहीरपणे फॉक्सवर तोंडसुख घेत होते आणि दुसऱ्या चॅनेलांची तारीफ करत होते. नेत्याने बोट दाखवलं आणि अनुयायी तिकडे गेले, यालाही मानसशास्त्राच्या गूढ यंत्रणेची गरज नाही. आणि फॉक्स काही महिन्यांत पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं. बायडन अध्यक्ष झाले ही टोचणारी वस्तुस्थिती तर तशीच होती. फॉक्सने तोवर स्वतःचा सूर बदलला होता, नेत्याचा रागही निवळला होता, जुनी सवयही होती. यातलं कोणतं कारण किती, हे प्रेक्षकसंख्येच्या आलेखावरून कधीच कळणार नाही. तिन्ही स्पष्टीकरणं त्याच रेषेवर बसतात.

आता, मुळात किती लोक असं वागतात? इथे आकडे फार फसवे आहेत, कारण बरेचसे आकडे ‘तुम्ही काय पाहता?’ असं विचारून गोळा केलेले असतात. मार्कस प्रायर यांनी २००९ मध्ये लोकांनी सांगितलेलं बातम्या पाहण्याचं प्रमाण आणि टीव्ही पाहणी करणाऱ्या नील्सन कंपनीने मोजलेलं प्रमाण शेजारी ठेवलं. लोकांनी सरासरी तिप्पट वाढवून सांगितलं होतं. पक्षाभिमानी माणूस तर आपलं चॅनेल पाहतो असं सांगण्यात अभिमान मानतो, त्यामुळे निष्ठा आणि प्रत्यक्ष पाहणं यांची सरमिसळ होते. ज्यांनी प्रत्यक्ष नोंदींवरून मोजलं त्यांचं चित्र बरंच वेगळं आहे. डॅनियल म्यूझ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात टीव्हीवर एकाच बाजूत कोंडलेले अमेरिकी लोक सुमारे १७ टक्के निघाले, आणि इंटरनेटवर सुमारे ४ टक्के. बाकीचे मिश्र बातम्या पाहतात, किंवा बातम्या फारशा पाहतच नाहीत. विरुद्ध बाजू टाळणाऱ्यांपेक्षा राजकारणच टाळणारे जास्त, ही गोष्ट या चर्चेत नेहमी हरवते. विल्यम हार्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ९१ अभ्यास एकत्र करून जो सरासरी कल काढला तोही लहान आणि मध्यम यांच्या मधलाच होता. विरुद्ध माहिती हातातल्या कामासाठी उपयोगी असेल तर लोक तीच उचलतात, असंही त्यांत दिसलं. हे बहुतेक सगळं संशोधन अमेरिकेतलं किंवा पाश्चात्त्य विद्यापीठांतलं आहे. दोन पक्ष, खासगी चॅनेलं आणि प्रत्येक बाजूचा ठरलेला ब्रँड अशी रचना जिथे नाही, तिथे हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

कारण कोणतंही असो, परिणाम तोच ना, असं कुणी विचारेल. नाही. कारणावर उपाय ठरतो. विसंवाद हे निदान असेल तर उपाय म्हणजे लोकांना विरुद्ध बातम्या हळूहळू पचायला लावणं, त्यांची अस्वस्थता सहन करण्याची ताकद वाढवणं. अविश्वास हे निदान असेल तर नुसता मजकूर समोर ठेवून काही होणार नाही, कारण तो ज्या तोंडून येतो त्या तोंडाचीच पत नाही.

डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कला यांनी सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्सच्या नियमित प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन पाहायला लावलं, आठवड्याला सात तासांपर्यंत. खरंच पाहिलं की नाही हे प्रश्न विचारून तपासलं. लोकांनी पाहिलं, तक्रार करत पळाले नाहीत. काही गोष्टींबद्दलच्या त्यांच्या समजुतीही बदलल्या, उदाहरणार्थ कोविड आणि टपालाने मतदान. मला त्यातला एक परिणाम सगळ्यांत बोलका वाटतो. ट्रम्प यांनी काही वाईट केलं तर फॉक्स त्यावर बोलणार नाही, असं मानणारे त्यांच्यात वाढले. म्हणजे त्यांचा भरवशाचा हिशेब हलला. मग पैसे थांबले, लोक आपल्या जुन्या चॅनेलवर परतले आणि दोनेक महिन्यांत बहुतेक बदल विरून गेले. महिनाभर विरुद्ध मजकूर सहज पचवणाऱ्या माणसाच्या परत जाण्याचं कारण ‘पचत नाही’ हे कसं असेल? सवय, आपलेपणा, आणि पुन्हा ऐकू येऊ लागलेला जुना सूर हीच कारणं जास्त जवळची वाटतात.

माझा हा आक्षेप खोटा ठरवता येईल असा प्रयोग कसा असावा, तेही सांगतो. सहभागींकडून आधी प्रत्येक वृत्तसंस्थेबद्दल लिहून घ्यायचं की शंभरातल्या किती बातम्यांत ती अचूक असेल. मग वस्तुस्थितीचे प्रश्न द्यायचे, अचूक उत्तराला भरघोस बक्षीस ठेवायचं, आणि उत्तर देण्याआधी एकच संस्था पाहू द्यायची. एरिक पीटरसन आणि शांतो अय्यंगार यांनी २०२१ मध्ये बक्षिसाचा प्रयोग केला आहे. पैसे लावूनही आपल्या बाजूकडचा कल टिकला आणि त्यांनी तो पूर्वग्रहाच्या खात्यात टाकला. पण आपल्याच बाजूवर मनापासून विश्वास असणारा माणूसही पैशासाठी तिकडेच जाईल. म्हणून मला हवी आहे ती फक्त एक जात: ज्यांनी स्वतःच्या हाताने विरुद्ध बाजूच्या संस्थेला जास्त अचूक ठरवलंय, आणि बक्षीस बुडत असतानाही जे तिच्याकडे वळत नाहीत. शिवाय ज्या प्रश्नांना पक्षाशी काही देणंघेणं नाही, त्यांवर हेच लोक मुकाट्याने तिच्याकडे वळायला हवेत. असे लोक मोठ्या संख्येने सापडले, तर फेस्टिंजर बरोबर होता असं मी म्हणेन.